भूपाच्या चालीला तीन कॉर्ड पुरतात

प्रश्न

जय ख्रिस्त. आमच्या मंडळीच्या तरुण संघाने उपासनेसाठी एक नवे भजन बसवले आहे. शब्द संघातल्याच एका ताईंचे आहेत. चाल पेटी वाजवणाऱ्या काकांनी लावली असून ती भूपाच्या वळणाची आहे, आणि ताल केरवा आहे. काकांनी लिहून दिलेले स्वर सोबत पाठवत आहे. मी गिटार वाजवते. इंटरनेटवर सगळीकडे दिसणारे सी, जी, ए मायनर, एफ हे चार कॉर्ड मी ओळीच्या चार तुकड्यांना एकेक असे लावले आणि ‘डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप’ हे स्ट्रमिंग धरले. सरावात वडीलधारी मंडळी म्हणाली की चाल बदलल्यासारखी वाटते, आणि तबला वाजवणारा दादा म्हणतो की मी मध्येच मागे पडते. काका पेटी काळी एकमध्ये धरतात आणि माझे कॉर्ड सीचे आहेत, हाही घोळ आहे. शिवाय मुलांना मोबाइलवर कागद पाठवला की कॉर्ड इकडचे तिकडे सरकतात. कॉर्ड आणि स्ट्रमिंग नीट कसे लिहावे?

```
ध्रुवपद
तु झ्या दा री | आ लो दे वा
ग  ग  रे ग | प  प  ध  प
ठे व आ म्हां | ज व ळी ऽ
ध  प  ग  रे | ग  रे सा सा

कडवे
रा नो मा ळी | वा ट चु के
प  प  ध  प | सां सां रें सां
शो धि त तू | ये ऽ सी ऽ
ध  सां ध  प | ग  प  रे रे
```

— तरुण संघातील एक गिटारवादक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर

जय ख्रिस्त. तुम्ही स्वर मात्रांसह पाठवलेत हे फार चांगले झाले, कारण स्वर हाती नसताना कॉर्ड सांगणे म्हणजे निव्वळ अंदाज ठरला असता. तुमच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे आहे आणि तबलावादकाचेही खरे आहे. दोघांच्या तक्रारींची कारणे मात्र वेगवेगळी आहेत, म्हणून ती एकेक करून पाहू.

आधी एक भेद लक्षात घ्यावा लागेल. मराठी मंडळ्यांत दोन जातींची गीते शेजारी शेजारी गायिली जातात. काही गीते पाश्चात्त्य उपासनागीतांच्या चालींवर मराठी शब्द बसवून आलेली आहेत. त्या चाली मुळातच चार आवाजांत रचलेल्या असल्यामुळे त्यांचे कॉर्ड चालीतच ठरलेले असतात, आणि स्वरलिपीच्या पुस्तकातून ते उतरवून घेता येतात. दुसरी जात भजनांची आणि पदांची आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती उपासनेसाठी अशी मराठी वळणाची भजने मोठ्या संख्येने लिहिली. ही चाल एकेरी असते. तिच्या पाठीमागे स्थिर षड्ज आणि ताल एवढेच अपेक्षित असते, कॉर्ड कोणी ठरवलेले नसतात. तुमचे भजन या दुसऱ्या जातीचे आहे, त्यामुळे बाहेरून तयार कॉर्डमाला आणून लावण्याऐवजी कॉर्ड चालीतूनच शोधून काढावे लागतात.

ते शोधण्यासाठी प्रत्येक कॉर्डमध्ये कोणते स्वर दडलेले आहेत ते भारतीय नावांनी लिहून काढा. सीला षड्ज मानले, तर सी कॉर्ड म्हणजे सा, ग आणि प. ए मायनर म्हणजे ध, सा आणि ग. जी म्हणजे प, नी आणि रे. एफ म्हणजे म, ध आणि सा. आता भूपाचे पाच स्वर आठवा: सा, रे, ग, प, ध. मध्यम आणि निषाद या चालीत नाहीत. तेव्हा सी आणि ए मायनर हे दोन कॉर्ड पूर्णपणे चालीच्या घरातले आहेत. जीमध्ये एक स्वर परका आहे, तो निषाद. एफमध्येही एकच स्वर परका आहे, तो मध्यम. मात्र नेमके त्याच कॉर्डचे नाव ज्या स्वरावरून पडले आहे तो हा मध्यम असल्यामुळे, एफ वाजवला की सर्वांत खालची जाड तार मध्यमच घोषित करते.

आता तुमची मांडणी या स्वरांवर ठेवून पाहू. ‘तुझ्या दारी’ला सी लावला, तो बरोबर आहे. ‘आलो देवा’ला जी लावला. तिथे पंचम ठळक आहे, म्हणून तोही चालून जातो. ‘ठेव आम्हां’ला ए मायनर आला, आणि तिथे धैवत असल्याने तो उत्तमच बसला. बिघाड ‘जवळी’वर होतो. त्या तुकड्याची पहिली मात्रा गंधाराची आहे आणि तुमच्या गिटारवर त्याच क्षणी एफमधला मध्यम वाजतो. गंधार आणि मध्यम हे अगदी लागून असलेले स्वर आहेत, त्यांच्यात अर्ध्या स्वराचेच अंतर आहे, त्यामुळे गाणाऱ्याचा गंधार डळमळतो. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. ओळ षड्जावर येऊन थांबते, आणि तो षड्ज एफमध्ये आहेही, पण तिथे तो मध्यमाचा पंचम म्हणून वाजतो. गाणारे घरी पोहोचले आहेत आणि गिटार मात्र अजून वाटेत आहे, असे ऐकणाऱ्याला वाटते. स्वर तेच असूनही ‘चाल बदलली’ असे मंडळी म्हणतात ते यामुळे. ओळ जिथे विसावते त्या जागेला आपण न्यास म्हणतो. न्यासाच्या खाली कोणता कॉर्ड आहे, यावर त्या स्वराचा अर्थ ठरतो. म्हणून भजनाला कॉर्ड लावताना मी पहिली ओळ आधी बघतच नाही. आधी न्यासाचे कॉर्ड ठरवतो आणि तिथून मागे येतो.

असे मागून पुढे येताना प्रत्येक स्वराला वेगळा कॉर्ड देण्याची गरज नसते. केरव्याच्या आठ मात्रांत पहिली आणि पाचवी या दोन मात्रा कान धरून ठेवतो. त्या दोन मात्रांवर असलेला स्वर कॉर्डमध्ये असला म्हणजे बहुतेक काम झाले, मधले स्वर येऊन जाऊन असतात. तुमच्या ध्रुवपदात या मात्रांवर क्रमाने ग, प, ध आणि ग येतात. गंधार सीमध्ये आहे, पंचमही सीमध्ये आहे, धैवत ए मायनरमध्ये आहे आणि शेवटचा गंधार षड्जाकडे उतरणार असल्यामुळे त्याला पुन्हा सी द्यायचा. म्हणजे पहिल्या आठही मात्रा सी, मग चार मात्रा ए मायनर, मग चार मात्रा सी. पूर्ण ध्रुवपदाला दोनच कॉर्ड लागले. हे तुम्हाला फार थोडे वाटेल याची मला कल्पना आहे. पण पेटी आणि तबला साथीला असताना गिटारने हालचाल कमी ठेवली, तर चाल ऐकू येते.

कडव्याची सुरुवात पंचमावर आहे आणि ध्रुवपद सीवर संपलेले आहे. इथे मी जी घेईन, कारण कडवे सुरू झाल्याची जाणीव व्हायला जमीन बदललेली बरी, आणि पुढच्याच पाचव्या मात्रेवर चाल तार षड्जाला पोहोचते तेव्हा जीवरून सीवर येण्याने तो षड्ज उजळून निघतो. ‘शोधित तू’ धैवतावर आहे, तिथे ए मायनर. ‘येऽ’ गंधारावर आहे आणि गंधार ए मायनरमध्येही आहेच, त्यामुळे तिथे कॉर्ड बदलू नका. ‘सीऽ’ मात्र रिषभावर टेकते. रिषभ आपल्याकडच्या कॉर्डांपैकी फक्त जीमध्ये आहे, म्हणून सातव्या मात्रेला जी घ्यायचा. हा रिषभ अधांतरी आहे, तो ध्रुवपदाच्या पहिल्या गंधाराकडे ओढ घेतो. त्यामुळे तिथला जी आणि लगेच समेवरचा सी ही जोडी ध्रुवपदाकडे परतण्याची खूण होऊन बसते. पूर्ण भजनात घाईने बदलण्याची जागा एवढी एकच आहे.

राहिला जीमधला निषाद. नेहमीचा जी वाजवलात तर तो पाचव्या तारेवरच्या दुसऱ्या पट्टीवर आणि मोकळ्या दुसऱ्या तारेवर असा दोन ठिकाणी वाजतो. काका पेटीवर कडव्याच्या आधी भूपाची छोटीशी सुरावट घेत असतील, तर त्यांना तो लगेच खटकेल. उपाय सोपा आहे. मधल्या बोटाने सहावी तार तिसऱ्या पट्टीवर धरा आणि तेच बोट किंचित आडवे टेकवून पाचवी तार मुकी करा. चौथी आणि तिसरी तार मोकळी ठेवा. दुसरी आणि पहिली तार अनामिका आणि करंगळीने तिसऱ्याच पट्टीवर दाबा. आता कॉर्डमध्ये फक्त पंचम आणि रिषभ उरले. कागदावर मात्र जी एवढेच लिहा आणि खाली एकदा आकृती द्या. आकडे सहाव्या तारेकडून पहिल्या तारेकडे वाचायचे असतात, आणि x म्हणजे मुकी तार.

```
C   x 3 2 0 1 0
Am  x 0 2 2 1 0
G   3 x 0 0 3 3
```

एफ वाईट कॉर्ड आहे असा याचा अर्थ कृपया घेऊ नका. शुद्ध मध्यमावर चाल थांबत असेल, उदाहरणार्थ बिलावल किंवा खमाजाच्या वळणाच्या एखाद्या पदात, तर तिथे एफच हवा. या चालीत मध्यम नाही, म्हणून या कागदावर तो नाही.

पट्टीचा घोळ कॅपोने सुटतो. काळी एक म्हणजे सीच्या अर्धा स्वर वरची पट्टी. पहिल्या पट्टीवर कॅपो लावून तुम्ही सीच्या आकाराचे कॉर्ड धरलेत की गिटार काळी एकमध्येच वाजते, त्यामुळे नवे आकार शिकण्याची गरज नाही. काकांनी निवडलेली पट्टी माझ्या मते योग्यही आहे. तुमची चाल मध्य षड्जापासून तार रिषभापर्यंत जाते, म्हणजे सप्तकाहून थोडी अधिक. काळी एकमध्ये तो तार रिषभ तरुण मुलांना आणि मुलींना आपापल्या सप्तकात ओढाताण न करता लागतो. पट्टी पांढरी चारपर्यंत वर नेली, तर मागच्या बाकांवरची मंडळी कडव्याला गप्प होतील. उपासनेत भजन पुढच्या आठ जणांनीच गाऊन उपयोग नसतो. एखाद्या रविवारी पांढरी दोन ठरली तर कॅपो दुसऱ्या पट्टीवर जाईल, काळी दोन ठरली तर तिसऱ्या पट्टीवर. कॉर्डांची नावे आणि आकार तेच राहतील. म्हणून कागदाच्या डोक्यावर ‘सा = काळी एक, कॅपो १’ असे दोन्ही लिहा. पहिला शब्द काकांसाठी आहे, दुसरा तुमच्यासाठी.

गिटार मोबाइलवरच्या ट्यूनरने लावत असाल, तर उपासनेपुरते ते बाजूला ठेवा आणि पेटीशी लावा. जुनी पेटी ट्यूनरशी तंतोतंत जुळेलच असे नसते, आणि पेटी सोयीनुसार लावता येत नाही, गिटार येते. गिटारच्या सहाही मोकळ्या तारा पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर मिळतात: जाड तारेपासून पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. काकांना या क्रमाने एकेक पट्टी धरून ठेवायला सांगा. हे कॅपो न लावता करायचे. मग कॅपो लावून पुन्हा एकदा कान द्या, कारण कॅपो घट्ट बसला की तारा किंचित चढतात, विशेषतः तो पट्टीच्या तारेपासून दूर किंवा तिरका लागला असेल तर.

आता तबल्याकडे वळू, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सर्वांत रंजक गोष्ट इथे आहे. तुम्ही धरलेल्या स्ट्रमिंगमध्ये हात आठ वेळा हलतो: विषम मात्रांना खाली, सम मात्रांना वर. त्यातले कोणते फटके तारांना लागतात ते मोजा. पहिला, तिसरा, चौथा, सहावा, सातवा आणि आठवा. पाचवा लागत नाही. तिथे हात हवेत खाली येतो, आणि याच रिकाम्या जागेमुळे तो ठेका झुलल्यासारखा वाटतो. ज्या गाण्यांत कॉर्ड आठ मात्रांनी एकदा, पहिल्याच फटक्याला बदलतो, तिथे हे खुलून दिसते. तुमच्या कागदावर मात्र कॉर्ड पाचव्या मात्रेलाही बदलत होता. डावा हात वेळेवर बदलला, तरी उजवा हात पाचव्या मात्रेवर काहीच वाजवत नव्हता, म्हणून नवा कॉर्ड प्रत्यक्षात सहाव्या मात्रेवर, तोही वरच्या दिशेच्या हलक्या फटक्याने, ऐकू येत होता. दादाला तुम्ही एक मात्रा मागे वाटलात ते यामुळे. लयीत चूक नव्हती, फटक्यांच्या निवडीत होती. आत्ताच्या मांडणीतही ‘जवळी’चा सी पाचव्या मात्रेवर यायचा आहे, त्यामुळे तिथे फटका असलाच पाहिजे.

मी सुचवतो तो ठेका केरव्याच्या बोलांखाली लिहिला आहे. बाण म्हणजे फटका, टिंब म्हणजे हात फिरतो पण तारांना लागत नाही.

```
मात्रा  १  २  ३  ४  ५  ६  ७  ८
बोल    धा गे न  ति न  क  धि न
हात    ↓  .  ↓  ↑  ↓  .  ↓  ↑
```

याला केरव्याची चव येते ती फटक्यांच्या वजनामुळे. तबल्याचा डग्गा ‘धा’ आणि ‘गे’ला घुमतो, ‘ति’पासून गप्प होतो आणि ‘धि’ला पुन्हा घुमतो. पाचवी मात्रा ही तालाची काल आहे. गिटारवरही तेच करा. पहिल्या मात्रेला कॉर्डमधल्या जाड तारांपासून पूर्ण फटका द्या. पाचव्या मात्रेला फक्त वरच्या तीन बारीक तारांना हलके स्पर्शून जा, जाड तारांना हात लावू नका. सातव्या मात्रेला पुन्हा थोडे वजन द्या. प्रत्येक मात्रेला सारखाच जोर दिलात, तर डग्गा जिथे थांबतो तिथेही गिटारचा खर्ज गुरगुरत राहतो आणि तबला वाजवणाऱ्याला आपली काल हरवल्यासारखी वाटते. ‘जवळी’वर नवा सी पाचव्या मात्रेला हलक्याने येईल, ते चालेल. पेटीचा गंधार त्याला आधार देतो, आणि त्या सीचे वजन सातव्या मात्रेला, नेमके ‘ळी’च्या षड्जावर पडेल. मला वाटते हा योग मुद्दाम जुळवूनही इतका नीट जुळला नसता.

डाव्या हाताचे काम यात फारसे कठीण नाही. ए मायनरवरून सीवर जाताना तर्जनी आणि मधले बोट जिथल्या तिथे राहतात. फक्त अनामिका तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या पट्टीवरून उचलून पाचव्या तारेच्या तिसऱ्या पट्टीवर न्यायची असते. चौथ्या मात्रेचा वरचा फटका चालू असतानाच अनामिका उचला. त्या क्षणी तिसरी तार मोकळी वाजेल, ती पंचमाचीच आहे, त्यामुळे काही बिघडत नाही. कडव्याच्या शेवटी जीसाठी सगळा हात हलवावा लागतो, पण त्याच्या आधीची सहावी मात्रा ठेक्यात मोकळी आहे, म्हणून पाचव्या मात्रेचा फटका झाला की बोटे उचलायला दोन मात्रांचा अवधी मिळतो. एवढे करूनही ती जागा अडखळत असेल, तर काही आठवडे तिथे जीची फक्त सहावी तार वाजवा. खर्जातला पंचम रिषभाला पुरेसा आधार देतो.

लय आधी सेकंदाला साधारण दोन मात्रा इतकीच ठेवा आणि बोल तोंडाने म्हणत वाजवा. गिटार न धरता, मांडीवर हात खाली-वर फिरवत ‘धागेनति नकधिन’ म्हणण्याचा सराव मला सर्वांत उपयोगी वाटत आला आहे. दुसऱ्या आणि सहाव्या मात्रेला हात थांबतो का, याकडे लक्ष ठेवा. जिथे हात थांबतो तिथे पुढचा फटका उशिरा पडतो. संघात आणखी कोणी नवशिके गिटार वाजवत असेल, तर त्याला पूर्ण ठेका देऊ नका. त्याने फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेला खाली फटका द्यावा, आणि कडव्याच्या शेवटच्या जीला सातव्या मात्रेवर एक. दोन गिटारी एकच ठेका थोड्या फरकाने वाजवू लागल्या की शब्द ऐकू येईनासे होतात.

कागदाबद्दल. कॉर्ड शब्दांच्या वर लिहून मधल्या मोकळ्या जागांनी जुळवण्याची पद्धत देवनागरीत मोबाइलवर टिकत नाही. अक्षरांच्या रुंदी सारख्या नसतात, प्रत्येकाच्या फोनवर टंक वेगळा असतो, आणि ओळ मध्येच तुटली की वरची कॉर्डची ओळ भलत्याच शब्दावर जाऊन बसते. म्हणून कॉर्ड ओळीच्या आतच, ज्या अक्षरावर तो वाजायचा त्याच्या लगेच आधी, चौकटी कंसात लिहा. मग तो अक्षराला चिकटून राहतो, ओळ कुठेही तुटो. कॉर्डप्रो नावाच्या लेखनपद्धतीत कॉर्ड असेच लिहितात, आणि ती वाचणारी ॲप कॅपो किंवा पट्टी बदलली की कॉर्डही बदलून देतात. त्यासाठी कंसातली अक्षरे रोमन ठेवावी लागतात. उभी रेघ चार मात्रांनंतर द्या आणि लांबवलेल्या प्रत्येक मात्रेसाठी एक अवग्रह द्या, म्हणजे ‘जवळीऽ’ आणि ‘येऽसीऽ’ कोणी घाईने उरकणार नाही. कंस जोडाक्षराच्या मध्ये घालू नका, अक्षर तुटते.

```
सा = काळी एक   कॅपो 1   केरवा

[C]तुझ्या दारी | आलो देवा |
[Am]ठेव आम्हां | [C]जवळीऽ |

[G]रानोमाळी | [C]वाट चुके |
[Am]शोधित तू | येऽ[G]सीऽ |
```

‘आलो देवा’च्या आधी कंस नाही, कारण कॉर्ड तोच चालू आहे. प्रत्येक तुकड्याला पुन्हा सी लिहिलात, तर वाजवणाऱ्याला काहीतरी बदलायचे आहे असे वाटून हात उचलला जातो. पुढच्या कडव्यांची चाल तीच असेल, तरी त्यांनाही कॉर्ड पूर्ण लिहा. ‘वरीलप्रमाणे’ लिहिलेले कडवे उपासनेत वर शोधत बसायला वेळ नसतो. आणि पुढच्या कडव्यांचे शब्द लिहिताना ताईंना सांगा की पहिल्या तीन तुकड्यांत चार-चार अक्षरे आणि शेवटच्यात दोन किंवा तीन, एवढा हिशेब सांभाळावा. एखाद्या तुकड्यात पाच अक्षरे आली, तर ती कोणत्या मात्रेत जोडून म्हणायची ते गाऊन ठरवावे लागेल, आणि कंसाची जागाही त्यानुसार सरकेल. काकांना आणि दादाला हा कागद देऊ नका. काकांना स्वरांचा तोच जुना कागद पुरेसा आहे, आणि दादाला ताल, लय आणि शेवट कसा करायचा एवढेच कळायला हवे.

तो शेवटही ठरवून लिहून ठेवा, कारण तरुण संघांची भजने बहुधा तिथेच विस्कटतात. कोणी ध्रुवपद आणखी एकदा म्हणतो, तर कोणी थांबतो. माझी सूचना अशी आहे: अखेरचे ध्रुवपद झाल्यावर ‘ठेव आम्हां जवळीऽ’ हे एक आवर्तन आणखी दोनदा म्हणायचे, म्हणजे ते सलग तीनदा होईल. तिसऱ्या वेळी ‘जवळीऽ’पासून लय थोडी सैल करायची, आणि त्यानंतरच्या समेवर गिटारने सीचा एकच पूर्ण फटका देऊन तारा घुमत ठेवायच्या. कागदाच्या तळाशी एवढेच येईल:

```
शेवट: [Am]ठेव आम्हां | [C]जवळीऽ | ×3, मग सम [C]
```

सराव घेताना आधी मुलांना काकांच्या पेटीवर गिटारशिवाय भजन गाऊ द्या, मग फक्त पहिल्या मात्रेच्या फटक्यासह, आणि त्यानंतर पूर्ण ठेक्यासह. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी एखाद्या जागी गाणारे सुरात खाली सरकू लागले, तर ती जागा कागदावर खुणावून ठेवा आणि तिथला कॉर्ड पुन्हा स्वरांशी ताडून पाहा.